ग्रामसभेपुढे गोबरगॅसचा हिशेब : प्रस्तावना

पुढील पानांवर छापलेले छोटे भाषण नंदुरबार जिल्ह्यातील ग्रामसभेपुढे पंधरा-वीस मिनिटांत करता यावे अशा बेताने लिहिलेले असून त्यात एकच प्रश्न हाती घेतलेला आहे : गावाने मिळून गोबरगॅसचे सामुदायिक संयंत्र उभारले, तर पुढील पंधरा वर्षांत जळणावर दरसाल जी बचत होईल तिची आजच्या पैशांत किंमत किती भरते, आणि उभारणीच्या खर्चाला ती पुरते की नाही? गॅस कसा तयार होतो, सरकारी योजनेचा अर्ज कोठे करावा, या गोष्टी भाषणात जेवढ्यास तेवढ्या येतात. कारण त्यांची माहिती ग्रामसेवकाकडे किंवा पंचायत समितीत मिळू शकते, पण ‘पंधरा वर्षांत साडेदहा लाख वाचतील’ असे कोणी सभेत सांगितले तर त्या वाक्याचे वजन कसे जोखावे, हे सहसा कोणी सांगत नाही. या प्रस्तावनेत त्या हिशेबामागची गृहीतके उलगडून मांडली आहेत, म्हणजे भाषण करणाऱ्याला सभेतून येणाऱ्या प्रश्नांना उत्तरे देता येतील आणि गावाला आपापले आकडे त्यात घालता येतील.

गोबरगॅस महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून मिळवलेला गॅस वापरात आला होता. पुढे जशभाई पटेल यांनी विकसित केलेला, वर-खाली होणाऱ्या लोखंडी टाकीचा नमुना खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतर देशभर नेला, आणि देहू येथे डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी शौचालयांना जोडलेल्या संयंत्रांचे काम अनेक वर्षे चालवले. या परंपरेतला मोठा भाग मात्र एका घराच्या, दोन-चार जनावरांच्या संयंत्राचा आहे. संपूर्ण वस्तीसाठी एकच संयंत्र हा प्रयोग अधिक अवघड असून त्यापासून शिकण्यासारखे सर्वांत जास्त कर्नाटकातील पुरा या गावात आहे. तेथे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी आणि त्यांचे सहकारी यांनी आरंभी स्वयंपाकाच्या गॅसचा विचार केला होता, परंतु गावातले शेण सर्व घरांच्या चुलींना पुरेना, म्हणून १९८७ पासून तोच गॅस इंजिनाला देऊन घरांत दिवे लावणे आणि कूपनलिकेचे पाणी उपसणे या कामी वापरला गेला. शेण आणून देणाऱ्याला किलोमागे २ पैसे मिळत आणि संयंत्रातून बाहेर पडणारी रबडी, जिला आता सर्वत्र स्लरी म्हणतात, त्याला खतासाठी परत दिली जाई. पुरा येथील अनुभवाचा नंदुरबारला थेट उपयोग असा की, शेणाची मोजदाद अगोदर करावी आणि गॅस कोणत्या कामी लावायचा हे त्यानंतर ठरवावे. उलट क्रमाने गेलेल्या गावाला मधेच रस्ता बदलावा लागतो.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा एकाच साच्याचा नाही, आणि सामुदायिक संयंत्र कोठे शोभते हे त्याच्या भूगोलावरून बऱ्याच अंशी ठरते. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या सातपुड्यातील भागात पाडे विखुरलेले असतात. प्रत्येक घर आपल्या शेताच्या टेकाडावर, आणि दोन घरांमध्ये ओढा किंवा उतार. तरंगत्या टाकीच्या संयंत्रातील गॅसचा दाब सुमारे दहा सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढाच असतो, त्यामुळे नळी लांबली की शेवटच्या घराची शेगडी मिणमिणते आणि त्या घराचा विश्वास पहिल्याच महिन्यात उडतो. अशा पाड्यांत घरोघरी लहान संयंत्रेच योग्य ठरतात. तापीच्या काठच्या सपाटीवर, शहादा, नंदुरबार आणि तळोदा तालुक्यांच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात, एका गल्लीत दहा-बारा घरे लागून असलेली गावे आहेत, आणि भाषणातील उदाहरण अशाच गावाच्या एका वस्तीचे आहे. ही वस्ती कल्पित आहे. तिचे आकडे हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत आणि प्रत्यक्ष गावाने ते आपल्या मोजणीने बदलायचे आहेत.

या वस्तीत २४ घरे आहेत आणि प्रत्येक घराला दिवसाला एक घनमीटर गॅस द्यायचा आहे, असे धरले आहे. एक घनमीटर म्हणजे एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच अशा खोक्यात मावेल एवढा गॅस. पाच माणसांच्या घराचा दोन वेळचा बहुतेक स्वयंपाक त्यात होतो, मात्र थंडीतले आंघोळीचे पाणी होत नाही. ताज्या शेणाच्या साधारण २५ किलोंपासून एक घनमीटर गॅस मिळतो, म्हणून २४ घरांना दररोज ६०० किलो शेण लागेल. बहुतेक पुस्तके येथे जनावरामागे दहा किलो शेण धरतात, पण दिवसभर चरायला जाणाऱ्या गावठी गाई-बैलांचे निम्मे शेण रानातच पडते आणि गोठ्यात सकाळी पाच-सहा किलोच हाती लागते. सहा किलो धरले तर १०० जनावरे हवीत, म्हणजे सरासरीने घरामागे चार. प्रत्यक्षात कोणाकडे आठ असतील आणि कोणाकडे एकही नसेल, आणि ही विषमता शेवटी पैशांच्या हिशेबात कशी उतरते हे पुढे पाहायचे आहे.

मोजणी करण्याची रीत भाषणात मुद्दाम तपशिलाने दिली आहे, कारण सभेत हात वर करून सांगितलेले आकडे नेहमी फुगलेले असतात. एक आठवडा प्रत्येक गोठ्याबाहेर रोज सकाळी शेण घमेल्याने मोजावे, एका घमेल्याचे वजन रेशन दुकानाच्या किंवा बाजाराच्या काट्यावर एकदा करून घ्यावे, आणि त्या शेणातून गोवऱ्यांसाठी, अंगण सारवण्यासाठी आणि भाताच्या किंवा भाजीच्या वाफ्यासाठी जे खरोखर वेगळे काढले जाते ते वजा करावे. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा अशी दोनदा मोजणी झाली तर उत्तम, कारण वैरण संपत आली की शेणही घटते.

आता बचतीचा हिशेब. थंडीत किण्वन मंदावते, सणासुदीला गॅस अपुरा पडतो, नळीत पाणी साचून किंवा टाकीच्या दुरुस्तीमुळे काही दिवस जातात, म्हणून वर्षाला ३६५ नव्हे, तर ३०० दिवसांचाच पुरा गॅस धरला आहे. म्हणजे एका घराला वर्षाला ३०० घनमीटर. एक घनमीटर गोबरगॅसने होणारा स्वयंपाक सुमारे ०.४३ किलो सिलिंडरच्या गॅसने किंवा साडेतीन किलो सरपणाने होतो, आणि या तुलनेत चुलीत वाया जाणारी उष्णता आधीच हिशेबात घेतलेली आहे. घर वर्षाला तीन सिलिंडर कमी घेईल असे धरले, तर १४.२ किलोच्या तीन सिलिंडरांची जागा सुमारे १०० घनमीटर गोबरगॅस घेतो. उरलेले २०० घनमीटर सुमारे ७०० किलो सरपण वाचवतात. भाकरी चुलीवरच भाजायची ही बहुतेक घरांची सवय राहणार, पाणीही चुलीवर तापणार, म्हणून सरपण शून्यावर येईल असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

वाहतुकीसह सिलिंडर ९०० रुपयांचा धरला, तर तिन्हींचे २,७०० रुपये होतात. ही रोखीची बचत आहे आणि तिच्याबद्दल फारसा वाद होत नाही. मात्र उज्ज्वला योजनेतील घराला अलीकडच्या काळात सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान मिळते, तेव्हा त्या घराच्या खिशाला तीन सिलिंडर ९०० रुपयांनी स्वस्त पडतात आणि तेवढीच त्याची बचतही कमी भरते. अनुदानाचे जे पैसे वाचतात ते सरकारचे. गावाचा हिशेब आणि देशाचा हिशेब येथे वेगळे होतात, आणि ग्रामसभेपुढे गावाचाच मांडला पाहिजे.

खरा वाद सरपणाच्या किमतीवर आहे. ७०० किलोंना किलोमागे ३ रुपये लावले तर २,१०० रुपये होतात, पण रानातून किंवा बांधावरून फुकट आणलेल्या लाकडाला किंमत कशी लावायची, असा प्रश्न सभेत येणारच, आणि तो विचारणारा बहुधा स्वतः मोळी आणत नाही. सरपण विकत घेतले जात नाही म्हणून त्याची बचत शून्य धरावी, हे मत चुकीचे आहे. साधारण २३-२४ किलोंची एक मोळी धरली तर ७०० किलोंच्या तीस मोळ्या होतात, आणि एका मोळीमागे अर्धा दिवस गेला तर वर्षाचे पंधरा दिवस होतात. ३ रुपये किलोचा दर त्या अर्ध्या दिवसाला ७० रुपये देतो, आणि २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. म्हणजे हा दर मोळी आणणाऱ्या बाईच्या वेळेची किंमत वाढवून सांगत नाही, अर्ध्याहून कमीच सांगतो. तरीही ती रोख नाही हे लपवता कामा नये, आणि म्हणून भाषणात सिलिंडरची बचत आणि सरपणाची बचत फळ्यावर दोन वेगळ्या ओळींत लिहायची आहे, एकाच बेरजेत विरघळवून टाकायची नाही.

दोन्ही ओळी मिळून घराचे ४,८०० रुपये आणि वस्तीचे १,१५,२०० रुपये वर्षाला वाचतात. त्यातून चालवण्याचा खर्च वजा जातो : शेण-पाणी कालवणाऱ्या आणि नोंद ठेवणाऱ्या माणसाला महिना ३,००० प्रमाणे वर्षाचे ३६,००० रुपये, आणि टाकीचा रंग, नळ्या, शेगड्यांचे भाग यांसाठी ९,२०० रुपये, मिळून ४५,२००. निव्वळ बचत ७०,००० रुपये राहते. स्लरीच्या खताची किंमत यात धरलेली नाही, आणि ती कोणी धरायची म्हटले तर एक सावधगिरी हवी : संयंत्र नसते तरी तेच शेण उकिरड्यात कुजून खत झालेच असते, म्हणून बचतीत फक्त स्लरी शेणखतापेक्षा जेवढी सरस ठरेल तेवढाच फरक मोजता येतो. संपूर्ण खताची किंमत धरणारे अहवाल एकच शेण दोनदा विकतात.

संयंत्र, कालवण्याची टाकी, नळ्या आणि चोवीस शेगड्या मिळून ६,००,००० रुपये खर्च धरला आहे आणि आयुष्य पंधरा वर्षे. ७०,००० गुणिले १५ म्हणजे साडेदहा लाख, खर्च सहा लाख, फायदा साडेचार लाख : हा हिशेब कोणत्याही सभेत टाळ्या मिळवतो आणि तोच या भाषणात मोडून काढायचा आहे. पंधराव्या वर्षी वाचणारे ७०,००० रुपये आणि आज सिमेंटवाल्याला द्यायचे ७०,००० रुपये सारखे नाहीत, कारण आजचा पैसा दुसरीकडे ठेवला असता तर तो वाढला असता. बचत गटाने ८ टक्के व्याजाने ९२ रुपये ५९ पैसे ठेवले तर वर्षाने १०० रुपये हाती येतात. म्हणून वर्षाने मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ९२ रुपये ५९ पैसे. पाच वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची ती ६८ रुपये, दहा वर्षांनी मिळणाऱ्यांची ४६ आणि पंधरा वर्षांनी मिळणाऱ्यांची साडेएकतीस रुपये होते. भविष्यातल्या रकमेतून अशी कपात करून तिची आजची किंमत काढण्याला वटाव म्हणतात, कपातीच्या टक्क्याला वटावाचा दर, आणि सर्व वर्षांच्या वटावलेल्या रकमांच्या बेरजेतून आजचा खर्च वजा केल्यावर जे उरते त्याला निव्वळ वर्तमान मूल्य. सूत्र एका ओळीचे आहे आणि मोबाइलवरच्या गणकयंत्राने ते सोडवता येते :

```
PV = 70000 × (1 − 1.08^−15) ÷ 0.08
```

उत्तर येते सुमारे ५,९९,०००. साडेदहा लाखांची बचत आजच्या पैशांत सहा लाखांना जवळजवळ येऊन टेकते, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य शून्याच्या आसपास राहते. याचा अर्थ संयंत्र तोट्यात आहे असा नाही. गावाने हे सहा लाख ८ टक्क्यांवर ठेवले असते तर जेवढे मिळाले असते तेवढेच या संयंत्रातून मिळते, असा आहे. ही बेरीज वर्षांत वाटून पाहिली की आणखी एक गोष्ट दिसते : पहिल्या पाच वर्षांची बचत आजच्या पैशांत २ लाख ७९ हजार भरते आणि शेवटच्या पाच वर्षांची केवळ १ लाख २९ हजार. पंधरा वर्षे टिकणाऱ्या बांधकामाचे आश्वासन ठेकेदार देतो, परंतु किंमत ठरते ती पहिल्या पाच-सहा वर्षांत संयंत्र रोज चालते की नाही यावर. सहाव्या वर्षाअखेर ते बंद पडले तर आजच्या किमतीत ३ लाख २४ हजारच हाती आलेले असतात.

वटावाचा दर कोणता धरावा, हा भाषणातील सर्वांत नाजूक भाग आहे. हिशेबात सिलिंडर पंधरा वर्षे ९०० रुपयांनाच मिळेल आणि मजुरीही वाढणार नाही असे धरलेले आहे. पण व्याजाच्या ८ टक्क्यांत महागाईची भरपाई अंतर्भूत असते, तेव्हा किमती आजच्या ठेवून दर मात्र महागाईसकट लावणे म्हणजे संयंत्रावर अन्याय आहे. सर्व किमती सारख्या वाढतील असे धरून महागाई वजा केलेला ५ टक्क्यांचा दर लावला, तर तीच बचत ७ लाख २७ हजार भरते आणि सव्वा लाखाहून अधिक फायदा दिसतो. दुसऱ्या बाजूला ज्या घराला गरजेच्या वेळी मुकादमाकडून उचल घ्यावी लागते त्याच्या दृष्टीने पुढच्या वर्षीच्या पैशाला फार कमी किंमत असते. १२ टक्के दर लावला तर ती बचत ४ लाख ७७ हजारांवर येते. अशा घराला पंधरा वर्षांचा नफा दाखवून वर्गणी मागणे निरर्थक आहे. म्हणून भाषणात तीनही दर फळ्यावर लिहायचे आहेत आणि गावाचे पैसे कोठून येणार त्याप्रमाणे एक निवडायचा आहे.

अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना येथे थोडा अधिक विचार करावा लागेल. जिल्ह्यातील नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव हे तालुके पूर्ण, तर नंदुरबार आणि शहादा अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा कायद्याखालच्या पंचायतींना आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी मिळतो, आणि गोबरधन योजनेतून जिल्ह्याला सामुदायिक संयंत्रांसाठी निधी मिळू शकतो. हे पैसे फुकट आहेत या समजुतीवर मात्र भाषणात स्पष्ट आक्षेप घेतला आहे. गोबरधनचा निधी फक्त गोबरगॅसलाच लागत असेल तर गावापुरता तो खर्च खरोखर शून्य धरता येतो, पण अबंध निधीतून बंधारा किंवा पाण्याची टाकीही होऊ शकते, तेव्हा त्या रुपयाची किंमत बंधाऱ्याने जे दिले असते त्यावरून ठरवावी लागते.

मग येतो स्थलांतराचा प्रश्न, ज्याशिवाय नंदुरबारमधला कोणताही वार्षिक हिशेब खरा होत नाही. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि उन्हाळ्यात परततात; काही आपले बैलही नेतात. चोवीसपैकी आठ घरे वर्षाचे पाच महिने बाहेर राहिली तर बचत १६,००० रुपयांनी घटते, म्हणजे १४ टक्क्यांनी. पण शेण कालवणाऱ्याचा पगार आणि दुरुस्ती तेवढीच राहते, त्यामुळे निव्वळ बचत ७०,००० वरून ५४,००० वर, म्हणजे २३ टक्क्यांनी घसरते आणि ८ टक्के दराने तिची आजची किंमत ४ लाख ६२ हजार होते. सव्वा लाखाहून मोठा खड्डा केवळ आठ बंद दारांमुळे पडतो. उरलेल्या घरांना तो गॅस जास्त मिळेल, असे उत्तर सभेत येईल, पण बैल गेले असतील तर शेणही गेलेले असते, आणि शेण राहिले तरी सोळा घरांची गरज भागल्यावरचा गॅस टाकीच्या कडेने बुडबुडे होऊन निघून जातो. अशा गावाने चोवीस घनमीटरचे नव्हे, सोळा-सतरा घनमीटरचे संयंत्र बांधावे आणि परतलेल्या घरांना पावसाळ्यात, जेव्हा ओले सरपण पेटत नाही तेव्हा, गॅसच्या वेळा वाटून द्याव्यात, असे भाषणात सुचवलेले आहे.

संयंत्र बिघडते ते कसे ओळखावे, याला भाषणात दोनच मिनिटे आहेत, तरी ती गाळू नयेत, कारण हिशेबातले ३०० दिवस त्यावरच अवलंबून आहेत. तरंगत्या टाकीच्या नमुन्याला लोखंड लागते, दरवर्षी रंग लागतो आणि घुमटाच्या दीनबंधू नमुन्यापेक्षा तो महाग पडतो; पण सामुदायिक कामात त्याचा एक मोठा गुण असा की, रात्रीत टाकी किती वर आली हे सकाळी पाण्याला जाणाऱ्या कोणालाही दिसते, त्यासाठी चालकाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. टाकीवर वीतभर अंतराने पांढऱ्या रेघा मारून सकाळची रेघ वहीत लिहिली की तोच गॅसचा मीटर होतो. शेण रोज पडते आहे तरी टाकी उठत नसेल आणि स्लरीला आंबूस वास येत असेल तर आत आम्ल वाढलेले आहे; बहुधा उष्टे-खरकटे किंवा एकदम जास्त शेण टाकलेले असते, आणि तेव्हा अधिक शेण घालण्याऐवजी काही दिवस भरणी थांबवावी लागते. टाकी वर आहे पण शेगडीची ज्योत उड्या मारते, तर नळीच्या सखल भागात पाणी साचलेले आहे आणि पाणी काढण्याची तोटी उघडली पाहिजे. शेण-पाणी समप्रमाणात न घेता दाट कालवले, किंवा वैरणीच्या काड्या न काढता ओतले, तर वर साय धरते आणि गॅस अडतो. सिलिंडरची शेगडी तशीच जोडली तर तिचे भोक बारीक असल्याने ज्योत धरत नाही. गोबरगॅसची शेगडी वेगळी घ्यावी लागते. आरंभी संपूर्ण टाकी भरायला काही आठवड्यांचे शेण लागते आणि पहिला गॅस यायला त्यानंतरही वेळ जातो, म्हणून पहिल्या वर्षाची बचत निम्मीच धरावी. तेवढ्याने आजच्या किमतीत सुमारे ३२,००० रुपये कमी होतात, पण पहिल्या वर्षीची निराशा टळते.

शेवटचा हिशेब गावाच्या बेरजेचा नसून घराघराचा आहे. शेण आणणाऱ्याला पुरा येथल्याप्रमाणे काही दर द्यावा, असे बहुतेक गावांना वाटेल, आणि ते रास्तही आहे, कारण दर नसेल तर शेण उकिरड्यावरच जाते. किलोमागे २० पैसे धरले तर ३०० दिवसांचे ३६,००० रुपये वाटले जातील. हे पैसे गावाच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात, म्हणून वरच्या बेरजेत त्यांनी काही फरक पडत नाही. घराचे चित्र मात्र पालटते. चालवण्याचा खर्च आणि शेणाचे पैसे दोन्ही गॅसच्या दरातून काढायचे तर प्रत्येक घराला महिना २८२ रुपये, वर्षाला ३,३८४ रुपये भरावे लागतील. आठ जनावरांच्या घराला शेणाचे २,८८० रुपये परत मिळतात आणि गॅस त्याला वर्षाला ५०४ रुपयांत पडतो. जनावर नसलेल्या भूमिहीन घराचे सिलिंडरचे २,७०० रुपये वाचतात आणि गॅसचे ३,३८४ जातात. त्याची मोळी वाचली तरी खिशातून ६८४ रुपये जास्त गेले. संपूर्ण वस्ती फायद्यात असताना हे घर रोखीत तोट्यात जाते, आणि दोन महिने पैसे थकले की त्याची तोटी बंद करण्याचा ठराव त्याच ग्रामसभेपुढे येतो. शेणाला दर न देता तेवढ्याच किमतीची स्लरी परत दिली, तर महिन्याची वर्गणी १५७ रुपयांवर, वर्षाला १,८८४ वर येते आणि हेच घर रोखीत ८१६ रुपयांनी पुढे राहते; पण मग शेण रोज आणण्याची ओढ जनावरवाल्यांना राहते का, हे पाहावे लागते. भाषणाच्या अखेरीस ही दोन्ही दरपत्रके शेजारी शेजारी लिहिलेली असून कोणते घ्यायचे हे ठरवताना ज्या घरांत जनावर नाही त्यांनी आधी बोलावे, अशी सूचना वक्त्याने सभाध्यक्षांना करायची आहे.